नव्या चॅनलचे पहिले 90 दिवस: सबस्क्रायबर मोजू नका, व्हिडिओ आणि हाताला बसलेलं काम मोजा

नवीन चॅनल काढलं की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात एक आकडा ठरवून टाकतात, तीन महिन्यात 1000 सबस्क्रायबर, कारण जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यात 4000 तास वॉच टाइम लागतो हे सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. पण हा आकडा तुमच्या हातात नाहीये. आज रात्री बसून एडिटिंग संपवता येतं, आज रात्री बसून वीस अनोळखी माणसांना सबस्क्राइब करायला लावता येत नाही. मग आकडा हलत नाही म्हणून लोक मावशी, काका, शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप सगळीकडे लिंक टाकत सुटतात, नाहीतर 'तू माझं कर मी तुझं करतो' चालू होतं. ही अदलाबदल यूट्यूबच्या नियमात बसत नाही. आणि काकांनी प्रेमाने केलेलं सबस्क्राइब नियमात बसतं पण काकांना तुमच्या विषयात रस नसतो, ते पुढचा व्हिडिओ उघडत नाहीत, आणि तुम्हाला शेवटपर्यंत कळत नाही की व्हिडिओ कमी पडला का तो चुकीच्या माणसासमोर गेला.

म्हणून पहिल्या 90 दिवसांच्या प्लॅनमध्ये दोनच गोष्टी धरायच्या. किती व्हिडिओ टाकणार, आणि कुठली कामं हाताला बसवणार. हे कसं ठरवायचं ते माझ्या मावसभावाचं उदाहरण घेऊन सांगतो, त्याचा निफाड तालुक्यात द्राक्षाचा बाग आहे आणि त्याला बागेतल्या रोजच्या कामाचं चॅनल काढायचं होतं. द्राक्षवाल्यांना दिवस मोजायची सवय असतेच, ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की तिथून पुढे सगळी भाषा 'छाटणीनंतर चाळिसावा दिवस' अशीच असते, त्यामुळे आम्ही चॅनलचा पहिला दिवस पण छाटणीचाच धरला. तुमचा विषय वेगळा असेल, पण सुरुवात अशा दिवसापासून धरा जिथून तुमच्या विषयात पुढचे तीन महिने काही ना काही घडत राहणार आहे.

आधी तास मोजा, मग व्हिडिओचा आकडा

त्याने मला पहिल्यांदा सांगितलं, "दादा, आठवड्याला दोन टाकतो." तीन महिन्यात सव्वीस व्हिडिओ. मी म्हटलं थांब, आधी एक बनव आणि घड्याळ लावून बनव. हा पहिला व्हिडिओ टाकायचाच असं नाही, तो मोजमापासाठी आहे. त्याने छाटणीवर आठ मिनिटांचा व्हिडिओ केला, शूटिंगला दोन तास, एडिटिंगला पाच, आणि शीर्षक-थंबनेल-अपलोड यात एक तास. म्हणजे एका व्हिडिओला आठ तास. नवख्याला एडिटिंगला एवढा वेळ लागणं अगदी नॉर्मल आहे, कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला काढायचा हे ठरवण्यातच निम्मा वेळ जातो.

मग तेरा आठवडे वहीत मांडले. त्यातले दहा आठवडे त्याला सात तास मिळू शकतात, संध्याकाळी आणि रविवारी दुपारी. दिवाळीचा आठवडा शून्य धरला. आणि मण्यांचं सेटिंग आणि डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, चालू असतं ते दोन आठवडे, ज्यात माणूस दिवसभर बागेतच असतो, त्यात जेमतेम तीन-तीन तास. बेरीज झाली 76 तास. त्यातून दर आठवड्याचा एक तास निव्वळ सरावासाठी बाजूला काढला (दिवाळी सोडून बारा तास), उरले 64. भागिले आठ, म्हणजे आठ व्हिडिओ.

सव्वीस कुठे आणि आठ कुठे. पण हा आठ खरा आकडा आहे, आणि सव्वीसच्या मागे लागला असता तर चौथ्या आठवड्यात दोन राहिले, पाचव्यात चार राहिले, आणि दिवाळीनंतर चॅनल उघडायचीच लाज वाटली असती. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्याने हेच गणित रात्रपाळीचे आठवडे वेगळे धरून करायचं, कॉलेजवाल्याने परीक्षेचे आठवडे शून्य धरायचे. गणित करताना स्वतःची झोप मोकळा वेळ म्हणून धरू नका, तसा धरलेला प्लॅन तिसऱ्या आठवड्यात मोडतो.

अजून एक. सरावाने एडिटिंगचा वेळ कमी होत जातो, पाचाचे साडेतीन तास होतात, तेव्हा लगेच मोह होतो की चला आता आठाचे दहा करू. पहिल्या 90 दिवसात नका करू. वाचलेला वेळ त्या महिन्याच्या कौशल्यात घाला, आणि एक व्हिडिओ कायम तयार ठेवा. अवकाळी आली, लोडशेडिंग झालं, पाहुणे आले, घरात कोणी आजारी पडलं तर तोच टाकायचा.

शॉर्ट्सचं काय, हे सगळेच विचारतात. पहिल्या महिन्यात काहीच करू नका. दुसऱ्या महिन्यापासून मोठ्या व्हिडिओमधलाच एखादा तुकडा उभा कापून टाकता आला तर टाका, तो टार्गेटमध्ये मोजायचा नाही.

काय शूट करायचं ते तारखेनुसार

बागेत गेलेला दिवस परत येत नाही. छाटणीनंतर लगेच एक-दोन दिवसात डोळे एकसारखे फुटावे म्हणून काडीवर पेस्ट लावतात, ते शूट करायचं राहिलं तर थेट पुढच्या वर्षी. म्हणून विषयांची यादी करताना आम्ही 'मला काय बोलायला आवडेल' असं न विचारता 'कुठल्या दिवशी बागेत काय दिसणार' असं विचारलं. छाटणी आणि पेस्ट हा पहिला. साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे फुटतात तो दुसरा. पंधरा-वीस दिवसांनी घड दिसायला लागले की वांझ फुटी काढणं, म्हणजे फेल काढणं, हा तिसरा. मग डाऊनी हा बुरशीचा रोग ओळखायचा कसा, फुलोरा, डिपिंग, मण्यांची विरळणी, आणि शेवटी नव्वदीच्या आसपास मण्यात पाणी उतरायला लागतं तो आठवा. आठ व्हिडिओ, आठ अवस्था, बरोबर बसलं. डिपिंगच्या आठवड्यात एडिटिंगला वेळ नव्हता पण शूटिंग तेव्हाच करायला लागणार, म्हणून त्या तीन तासात फक्त शूट करून ठेवायचं आणि एडिट पुढच्या आठवड्यात असं लिहून ठेवलं.

इथे दोन गोष्टी पाळायच्या ठरल्या. औषधाचं प्रमाण तोंडी सांगायचं नाही, लेबल कॅमेऱ्यात दाखवायचं आणि आपल्या सल्लागाराला विचारा म्हणायचं, कारण दुसऱ्याच्या बागेची अवस्था, जात, हवामान आपल्याला माहीत नसतं आणि निर्यातीच्या मालात औषधाचा अंश सापडला तर अख्खा माल अडकतो. आणि पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली माणसं फ्रेममध्ये येणार असतील तर आधी त्यांना विचारायचं, नको म्हणाले तर फक्त हात दाखवायचे. खरं सांगायचं तर काम शिकवायला हातच जास्त उपयोगी पडतात.

महिना पहिला: फक्त आवाज

एका महिन्यात एकच कौशल्य. का, तर एकाच व्हिडिओत आवाज, लाइट, बोलणं, थंबनेल सगळं सुधारायला गेलं की कशाने फरक पडला ते कळत नाही. पहिलं आवाजच, कारण हललेलं चित्र लोक चालवून घेतात पण शब्द कळला नाही तर लगेच बंद करतात.

कौशल्याचं टार्गेट लिहिताना 'आवाज सुधारायचा' असं लिहू नका, ते कधी पूर्ण झालं हे कोण ठरवणार? अशी परीक्षा लिहा जी घरच्या घरी घेता येते. आमची अशी होती: व्हिडिओ फोनच्या साध्या स्पीकरवर लावायचा, शेजारी पंखा फुल चालू, फोन हातभर लांब, आणि चॅनलशी संबंध नसलेल्या माणसाने प्रत्येक वाक्य परत सांगता आलं पाहिजे. लागोपाठ तीन व्हिडिओ यात पास झाले की आवाज जमला.

करायचं काय ते सोपं आहे पण दर वेळी करायला लागतं. कॉलरचा माइक हनुवटीपासून साधारण एक वीत खाली. त्यावर फरवालं कव्हर, उघड्यावर वारा थेट माइकवर आदळला की जो भकभक आवाज येतो तो नंतर एडिटिंगमध्ये नीट निघत नाही. शूट सुरू करायच्या आधी दहा सेकंद रेकॉर्ड करायचं आणि इअरफोन लावून ऐकायचं, नुसतं मीटर हलतंय म्हणून पुढे जायचं नाही, कारण बऱ्याचदा माइकची वायर अर्धवट बसलेली असते आणि फोन स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत असतो. एडिटिंगमध्ये बोलण्याची शिखरं उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये ठेवायची, शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज परत जोडता येत नाही.

आणि जागा-वेळ. शेजारच्या बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असेल तर कुठलाही माइक घ्या, उपयोग नाही, म्हणून फवारणी संपल्यावरची वेळ पकडायची. आठवड्याच्या सरावाच्या तासात त्याने एकच परिच्छेद तीन ठिकाणी वाचून रेकॉर्ड केला, वेलीखाली, पॅकिंग शेडमध्ये आणि घरात. शेडचे पत्रे एवढे घुमतात की तिथे बोलायचंच नाही हे त्याला स्वतःच्या कानाने कळलं, मी सांगून पटलं नसतं.

महिना दुसरा: पहिली 30 सेकंद

आता व्हिडिओ ऐकू येतो, पण लोक थांबतात का? यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक व्हिडिओखाली ऑडियन्स रिटेन्शनचा ग्राफ असतो आणि तिथेच लिहिलेलं असतं की 30 सेकंदाला किती टक्के लोक बघत होते. नवीन चॅनलवर हा आकडा जपून वाचायचा. वीस जणांनी बघितलेल्या व्हिडिओत एक माणूस म्हणजे पाच टक्के, दोघं चुकून आले आणि गेले की आकडा दहाने पडतो. त्यामुळे 'पन्नास टक्के झाले पाहिजेत' असं टार्गेट या महिन्यात ठेवायचं नाही, ग्राफचा आकार बघायचा. सुरुवातीला कडा कोसळल्यासारखी रेघ खाली आली असेल तर सुरुवात लांबली किंवा शीर्षकात जे म्हटलं ते समोर आलं नाही. मध्येच खड्डा असेल तर त्या सेकंदाला जाऊन बघा, बहुतेक वेळा तिथे तुम्ही तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत असता. मध्येच उंचवटा असेल तर लोकांनी तेवढा भाग मागे नेऊन परत बघितलाय.

महिन्याची परीक्षा मात्र माणसांवरच. ज्याने शीर्षक वाचलेलं नाही अशा माणसाला फक्त पहिली 30 सेकंद दाखवायची, थांबवायचं, आणि विचारायचं: हा व्हिडिओ कशाबद्दल आहे आणि शेवटपर्यंत बघितला तर तुला काय मिळणार? दोन्ही उत्तरं बरोबर आली तर पास.

त्याची जुनी सुरुवात अशी होती: "नमस्कार शेतकरी मित्रांनो, आपल्या चॅनलमध्ये आपलं स्वागत आहे, तर मित्रांनो आज आपण आपल्या प्लॉटमध्ये आलेलो आहे, वातावरण तुम्ही बघू शकता ढगाळ आहे, तर आजच्या व्हिडिओमध्ये आपण डाऊनीविषयी थोडीशी माहिती घेणार आहोत, त्याआधी चॅनलवर नवीन असाल तर..." असं करत चाळीस सेकंद. कानाला यात काही खटकत नाही कारण सगळे असंच बोलतात, पण यात बघणाऱ्याला एकही नवीन गोष्ट मिळालेली नाही.

आम्ही ते असं केलं. पहिल्या सेकंदाला पानाचा क्लोजअप, वरून तेलाच्या डागासारखा पिवळट ठिपका, मग पान उलटं करून खालची पांढरी बुरशी. आणि बोलणं: "पानावर वरून असा डाग दिसला तर आधी पान उलटं करा. खाली पांढरं दिसलं तर ही डाऊनी. नाही दिसलं तर काय असू शकतं आणि सकाळी बागेत पहिल्यांदा कुठल्या ओळी तपासायच्या, ते आता दाखवतो." पंधरा सेकंदात झालं. नाव-गाव नंतर, कामाच्या ओघात.

हे जमवायला युक्ती एकच, सुरुवात सगळ्यात शेवटी शूट करायची. अख्खा व्हिडिओ झाल्यावर तुम्हाला माहीत असतं त्यातलं सगळ्यात कामाचं दृश्य कुठलं, तेच पुढे आणायचं. पहिली तीन वाक्यं कागदावर लिहायची, बाकीचं सुचेल तसं बोललं तरी चालतं. सरावाच्या तासात जुन्याच एका व्हिडिओची नवी सुरुवात तीन वेगवेगळ्या प्रकारे रेकॉर्ड करायची, टाकायची नाही, फक्त परीक्षा घ्यायची.

महिना तिसरा: शीर्षक आणि थंबनेल, तेही शूटच्या आधी

हे तिसऱ्या महिन्यात ठेवलं कारण चांगल्या थंबनेलने माणूस आत आणला आणि आत आवाजच नीट नाही तर तो लगेच परत जातो. कस्टम थंबनेल लावायला फोन नंबर व्हेरिफाय करायला लागतो, 15 मिनिटांपेक्षा मोठे व्हिडिओ टाकायलाही तेच, ते पहिल्याच दिवशी करून ठेवा.

या महिन्यात प्रत्येक शूटच्या आधी शीर्षक लिहून थंबनेलचं रफ चित्र वहीत काढायचं. ते काढता आलं नाही तर समजा व्हिडिओत नेमकं काय आहे हेच अजून ठरलेलं नाही. शीर्षकातले शब्द लोकांच्या तोंडचे पाहिजेत, शेतकरी 'केवडा' म्हणून शोधतोय का 'डाऊनी' म्हणून, हे सर्चमध्ये अर्धा शब्द टाइप करून खाली काय काय सुचवतं त्यावरून दिसतं. परीक्षा अशी: थंबनेल फोनवर नखाएवढं करून बघायचं, त्यातली मुख्य वस्तू ओळखू आली पाहिजे, आणि त्यावरचा मजकूर तीन-चार शब्दांच्या वर नको, शीर्षकातलेच शब्द परत तर नकोच.

क्लिक रेटचा आकडा, म्हणजे थंबनेल जितक्या वेळा दिसलं त्यातल्या किती टक्के वेळा लोकांनी ते उघडलं, स्टुडिओमध्ये दिसेल. यूट्यूबनेच सांगितलंय की निम्म्या चॅनल आणि व्हिडिओंचा हा दर 2 ते 10 टक्क्यांच्या मध्ये असतो, आणि शंभरपेक्षा कमी व्ह्यूज असतील तर तो याच्या बाहेरही कुठेही जाऊ शकतो. म्हणून दुसऱ्याच्या चॅनलशी नाही, आपल्याच मागच्या व्हिडिओशी तुलना करायची, आणि एखाद्या जुन्या व्हिडिओचं थंबनेल बदललं तर तारीख लिहून ठेवायची आणि दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही.

वहीत काय लिहायचं

द्राक्षवाले फवारणीची वही ठेवतातच, त्याने त्याच वहीच्या मागच्या पानांवर चॅनलचा हिशोब सुरू केला. प्रत्येक व्हिडिओला एक ओळ: तारीख, किती तास लागले, परीक्षा पास का नापास, कुठली एक चूक दिसली, आणि कमेंटमध्ये आलेला एखादा खरा प्रश्न. सबस्क्रायबरचा रकाना नाही. चॅनलवरचा हा आकडा 2022 पासून लपवता येत नाही, पण स्टुडिओ ॲपचे नोटिफिकेशन बंद करता येतात आणि स्टुडिओ उघडायचा वार ठरवता येतो, त्याने सोमवार ठरवला.

चुकांचा रकाना सगळ्यात कामाचा निघतो. एकच चूक तीन ओळींमध्ये आली की ती पुढच्या सरावाच्या तासाला घ्यायची. त्याच्याकडे 'घरात शूट केलं की लाइट लपलपते' असं सारखं येत होतं, ते आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेमुळे होतं, फोनच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की बहुतेक वेळा थांबतं, दहा मिनिटांचं काम होतं. डिसेंबरमध्ये निफाडची थंडी पडली की 'सकाळचा शॉट धुरकट' असं यायला लागलं, तिथे तर शॉटच्या आधी लेन्स सुती कापडाने पुसणं एवढंच पुरलं, दव बसत होतं.

प्लॅन मोडायला लागला की

एक व्हिडिओ राहिला तर राहिला, पुढच्या आठवड्यात दोन करून भरून काढायचा नाही, कारण ते दोन्ही घाईत होतात आणि तिसरा पण राहतो. तयार ठेवलेला असतो तो टाका. लागोपाठ दोन राहिले तर मात्र वही उघडून तास बघा. व्हिडिओला आठाच्या जागी अकरा तास लागत असतील तर संख्या कमी करायच्या आधी लांबी कमी करा, आठ मिनिटांचा पाच मिनिटांवर आणा, कारण एडिटिंगचा वेळ लांबीबरोबर वाढतो आणि संख्या घटली की सराव घटतो. तास तेवढेच लागतायत पण मिळतच नसतील तर पहिलं गणित फुगवलेलं होतं, ते नव्याने मांडा आणि उरलेल्या दिवसांचा नवीन आकडा लिहा. त्यात काही हरलं नाही.

एडिट होऊनही व्हिडिओ टाकवत नसेल, रोज थोडं थोडं बदलणं चालू असेल, तर ती वेगळीच अडचण. त्याला औषध म्हणजे महिन्याची परीक्षा. त्या महिन्याचं कौशल्य पास झालं की टाकायचा, बाकी कुठलीही उणीव वहीत लिहायची आणि पुढे जायचं.

तिसाव्या आणि साठाव्या दिवशी अर्धा तास वही वाचा. पहिल्या महिन्याची परीक्षा पास झाली नसेल तर दुसऱ्या महिन्यात तेच कौशल्य चालू ठेवा, शीर्षक-थंबनेल पुढच्या प्लॅनमध्ये गेलं तरी बिघडत नाही. नव्वदाव्या दिवशी पहिला आणि शेवटचा व्हिडिओ लागोपाठ बघा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून. मग कमेंटमधले प्रश्न एका पानावर उतरवा, पुढच्या तीन महिन्यांचे बरेचसे विषय त्यातच मिळतात. आणि तास पुन्हा पहिल्यापासून मोजा. आमच्याकडे नव्वदीनंतर महिनाभरात काढणी लागते, व्यापारी आणि पॅकिंगच्या धावपळीत आठवड्याला तीन तास पण मिळणार नाहीत, म्हणून त्याच्या दुसऱ्या प्लॅनचा आकडा आठ नाही, पाच आहे.